दोन सारांश म्हणजे तुलना नव्हे: डेव्हिस-मूर, मार्क्स आणि बलुत्याचं खळं

प्रश्न: "एफवायबीएला आहे. 'सामाजिक स्तरीकरणाच्या प्रकार्यवादी व संघर्षवादी दृष्टिकोनांची तुलना करा' असा १२०० शब्दांचा निबंध द्यायचाय. मी आधी डेव्हिस-मूर लिहिले, मग मार्क्स लिहिला, शेवटी दोघांचे गुणदोष टाकले. मॅडम म्हणाल्या, ही तुलना नाही, हे दोन सारांश झाले. मग तुलना म्हणजे नक्की काय करायचं? आणि जातीचं उदाहरण घेतलं तर चालेल का?"

उत्तर:

मॅडमचं म्हणणं बरोबर आहे. तुम्ही लिहिलेलं बहुधा चुकीचं नसेल, पण त्यात दोन्ही सिद्धांतांची गाठच पडत नाही. डेव्हिस आणि मूर विचारतात की वेगवेगळ्या पदांना वेगवेगळा मोबदला का मिळतो. मार्क्स विचारतो की उत्पादनाची साधनं कोणाच्या हातात आहेत आणि त्यामुळे कोण कोणासाठी राबतं. प्रश्नच वेगळे असल्यावर उत्तरं शेजारी शेजारी सुखाने नांदतात आणि शेवटी "दोन्ही दृष्टिकोन आपापल्या जागी महत्त्वाचे आहेत" असं वाक्य येतं. म्हणून आधी अशी एक जागा शोधा जिथे दोघं एकाच गोष्टीबद्दल परस्परविरोधी दावा करतात. माझ्या मते ती जागा आहे "माणसांची टंचाई". अमुक कामाला माणसं कमी मिळतात आणि तमुक कामाला ढिगाने मिळतात, हे कशामुळे? निबंधाचा भार या प्रश्नावर टाका.

हे कुठून येतं ते बघू. किंग्सले डेव्हिस आणि विल्बर्ट मूर यांचा लेख १९४५ चा आहे. त्यांचा युक्तिवाद साखळीसारखा आहे, म्हणून तो कड्या-कड्यांनीच मांडा. समाजात काही पदं इतरांपेक्षा जास्त महत्त्वाची असतात. त्यातल्या काहींना दुर्मीळ कौशल्य किंवा लांबलचक प्रशिक्षण लागतं. प्रशिक्षणात वर्षं जातात, कमाई बुडते, म्हणजे माणसाला झळ सोसावी लागते. लायक माणसांनी ती सोसावी म्हणून त्या पदांना जास्त पैसा, जास्त मान, जास्त सवलती जोडाव्या लागतात. मोबदला असमान झाला की स्तरीकरण आलंच. ही व्यवस्था कोणी बसून ठरवलेली नाही, ती समाजात नकळत घडत गेली, असंही ते म्हणतात. हे शेवटचं वाक्य निबंधात जरूर घ्या, कारण संघर्षवादी नेमकं यालाच हरकत घेतात.

इथे एक चूक जवळपास प्रत्येक निबंधात सापडते. विद्यार्थी लिहितात, "सफाई कामगाराचं काम अत्यंत महत्त्वाचं असूनही त्याला पगार कमी मिळतो, म्हणून डेव्हिस-मूर चूक ठरतात." या टीकेने डेव्हिस-मूर यांना धक्का लागत नाही. मोबदला फक्त महत्त्वावर ठरतो असं ते म्हणतच नाहीत. त्यांच्याकडे दोन निकष आहेत: कामाचं महत्त्व आणि ते करू शकणाऱ्या माणसांची टंचाई. काम कितीही महत्त्वाचं असलं तरी त्याला माणसं सहज मिळत असतील तर जास्त मोबदल्याची गरज नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. तेव्हा ते शांतपणे म्हणतील, "सफाईला माणसं मिळतात, म्हणून पगार कमी."

आता पुढचा प्रश्न विचारा: ती माणसं मिळतात ती का? गटारात उतरायला लागणारी हिंमत आणि सोसावा लागणारा धोका बघता या कामाला माणसं मिळणं कठीण जायला हवं. तरी ती मिळतात, कारण भारतात हे काम प्रामुख्याने ठरावीक जातींवर लादलं गेलं आणि त्यांच्यासाठी बाकीचे दरवाजे बंद होते. म्हणजे "सहज मिळणारी माणसं" ही बाजारात आपोआप आलेली गोष्ट नाही, ती घडवलेली गोष्ट आहे. डेव्हिस-मूर टंचाईपासून सुरुवात करतात, तर संघर्षवादी ती टंचाई किंवा मुबलकता कोणी आणि कशी तयार केली इथून सुरुवात करतात. दोघांची टक्कर होते ती इथे.

याच मुद्द्याची दुसरी बाजू मेल्विन ट्यूमिनने १९५३ मध्ये दाखवली. त्याच्या टीकेतले दोनच मुद्दे घ्या. पहिला, एखादं पद किती महत्त्वाचं हे मोबदल्याकडे न बघता मोजता येत नाही. पगार जास्त म्हणून पद महत्त्वाचं, आणि पद महत्त्वाचं म्हणून पगार जास्त, असं वर्तुळ होतं. (डेव्हिस-मूर यांनी महत्त्व ओळखायच्या दोन खुणा दिल्या आहेत: ते काम दुसऱ्या कोणाला करता येतं का, आणि इतर किती पदं त्याच्यावर अवलंबून आहेत. त्यांची बाजू प्रामाणिकपणे मांडायची तर या खुणा सांगून मगच टीका करा.) दुसरा मुद्दा, स्तरीकरण जितकं घट्ट, तितकी खालच्या थरातली गुणवत्ता शोधण्याची समाजाची ताकद कमी. गुणी माणसं दुर्मीळ दिसतात त्याचं एक कारण, बहुतेकांना शाळेपर्यंत पोचूच दिलेलं नसतं. डेव्हिसने त्याच वर्षी उत्तर दिलं की आमचा सिद्धांत पदांबद्दल आहे, कोणत्या घरातला माणूस कुठल्या पदावर पोचतो हा वेगळा प्रश्न आहे. हे उत्तर कमकुवत नाही. पण तो "वेगळा प्रश्न" बाजूला ठेवून टंचाईबद्दल बोलता येतं का, एवढं तुम्ही विचारू शकता. आणि ट्यूमिनला मार्क्सवादी म्हणू नका. त्याने टीका केली म्हणून तो आपोआप मार्क्सच्या तंबूत जात नाही.

मार्क्सबद्दल एकच सावधानता सांगतो. वर्ग म्हणजे श्रीमंत-गरीब नव्हे. वर्ग म्हणजे उत्पादनाच्या साधनांशी असलेलं नातं. भरपूर पगार घेणारा अभियंता आणि छोट्या कारखान्याचा कर्जबाजारी मालक यांत जास्त पैसा कोणाकडे, याने त्यांचा वर्ग ठरत नाही. वेबर किती घ्यायचा हे तुमच्या अभ्यासक्रमावर आहे. तुमच्याकडे "संघर्षवाद" या शीर्षकाखाली फक्त मार्क्स असेल तर वेबरला एका परिच्छेदापेक्षा जास्त जागा देऊ नका. पण जातीचं उदाहरण घेणार असाल तर त्याचं एक साधन लागेलच: आर्थिक स्थान आणि सामाजिक मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या नेहमी बरोबर चालत नाहीत.

आता जातीकडे येऊ. उदाहरण चालेल, पण "जातिव्यवस्था" एवढं मोठं घेऊ नका. १२०० शब्दांत ते फुटतं. शिवाय डेव्हिस-मूर यांचं प्रोत्साहनाचं तर्कशास्त्र जातीला थेट लावता येत नाही. चांगल्या मोबदल्याच्या आशेने माणसं पदासाठी धडपडतात, हा त्यांचा गाभा. जन्मानेच काम ठरलेलं असेल तर धडपडायचं कशासाठी? मोकळं आणि बंदिस्त स्तरीकरण असा फरक ते करतात, पण बंदिस्त टोकाला त्यांचं यंत्र जवळजवळ थांबतं. जातीची प्रकार्यवादी मांडणी वेगळ्या वाटेने येते, परस्परावलंबनाच्या. म्हणून मी बलुतेदारी सुचवेन. ती मर्यादित आहे, ठोस आहे, आणि अशाच व्यवस्थेचं दोन्ही अंगांनी वाचन खरोखर झालेलं आहे. उत्तर भारतातल्या जजमानी पद्धतीवर विल्यम वायझरने १९३६ मध्ये करीमपूर या गावाच्या आधारे लिहिलं, तेव्हा त्याचा भर सेवांच्या देवाणघेवाणीवर होता. टॉमस बाइडेलमनने १९५९ मध्ये त्याच पद्धतीकडे पाहताना भर दिला तो जमीनमालकाच्या सत्तेवर.

महाराष्ट्रातलं चित्र त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा'त मिळतं. सुतार कुणब्याचा नांगर-औत सांभाळतो, चांभार मोट शिवतो, न्हावी हजामत करतो. प्रत्येक कामाचे वेगळे पैसे नाहीत. पीक आलं की खळ्यावर धान्याचा ठरावीक वाटा मिळतो, ते बलुतं. बलुतेदारांच्या थोरली, मधली, धाकटी अशा ओळी असत आणि ओळीप्रमाणे वाटा कमी-जास्त. कोण कुठल्या ओळीत हे गावागणिक बदले.

प्रकार्यवादी या खळ्याकडे बघून म्हणेल: सुतारावाचून पेरणी नाही, कुणब्यावाचून सुताराच्या घरी दाणा नाही. काम वाटलेलं, वाटा ठरलेला, वाईट वर्षातही सगळ्यांना थोडंफार. गाव टिकून राहतं ते यामुळे. हे वाचन वेडगळ नाही, आणि तुमच्या निबंधात ते वेडगळ वाटता कामा नये.

मग हातात एक तपशील घ्या. बऱ्याच ठिकाणी महार बलुतेदार थोरल्या ओळीत होते. वेस राखणं, गावाच्या सीमेची साक्ष देणं, सरकारी निरोप आणि वसूल पोचवणं, लोकांना चावडीवर बोलावणं, मेलेली जनावरं ओढणं ही कामं त्यांच्याकडे. म्हणजे काम गावाला किती लागतं हे गाव ओळखत होतं, ओळीने ते मान्यही करत होतं. पण त्याच माणसाला गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. डेव्हिस-मूर मान हाही मोबदलाच धरतात. त्यांच्या हिशेबाने गरज वाढली की मोबदला वाढावा, निदान उलट्या दिशेला जाऊ नये. इथे धान्याचा वाटा एका दिशेने आणि मान दुसऱ्या दिशेने गेलेला दिसतो. वेबरचा आर्थिक स्थान आणि मान यांतला फरक या जागी वापरा, म्हणजे तो उपरा वाटणार नाही.

आता टंचाईचा प्रश्न इथे लावा. या कामांना माणसं कायम मिळत राहिली ती कशी? यासाठी एक साधी कसोटी आहे: एका बाजूने व्यवहार सोडला तर काय होतं? परस्परावलंबन खरोखर समान असेल तर कोणीही हात काढून घेतला तरी दोन्हीकडे सारखी अडचण व्हायला हवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. त्यामागची तक्रार हीच होती की वतनदार महाराला वेळेचं बंधन नसलेली सरकारी राबणूक करावी लागते आणि बलुतं मात्र रयतेच्या मर्जीवर राहतं. मुंबई सरकारने १९२८ मध्येच अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली. तिच्या १९३० च्या अहवालात नोंद आहे की अस्पृश्यांनी हक्क मागितले की सवर्ण त्यांना जमिनीवरून काढतात, काम बंद करतात, गावकामगार म्हणून मिळणारा मोबदला थांबवतात. म्हणजे एका बाजूने हात काढला की तिची उपासमार, दुसऱ्या बाजूची फक्त गैरसोय. माणसं "सहज मिळत" होती कारण नाही म्हणण्याची किंमत त्यांना परवडणारी नव्हती. कनिष्ठ गाववतनं कायद्याने रद्द व्हायला मुंबई राज्यात १९५८ साल उजाडावं लागलं.

हे निबंधात कसं उतरतं ते एका परिच्छेदावर दाखवतो. नेहमी असं लिहिलं जातं: "प्रकार्यवादानुसार बलुतेदारीमुळे गावात सहकार्य होते. संघर्षवादानुसार बलुतेदारीत शोषण होते." दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, पण ती एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. त्याऐवजी: "बलुतेदारीत प्रत्येक जात दुसरीवर अवलंबून होती, या प्रकार्यवादी निरीक्षणाला संघर्षवादी नाकारत नाहीत. त्यांचा आक्षेप असा की अवलंबून असण्याचे प्रमाण सारखे नव्हते. १९३० च्या अहवालात नोंदवलेला बहिष्कार हे दाखवतो: सेवा थांबली तर जमीनधारकाला पर्याय शोधता येत होता, मोबदला थांबला तर बलुतेदाराला नव्हता. म्हणून व्यवस्था टिकली हे खरे असले, तरी ती सर्वांच्या गरजेमुळे टिकली असे म्हणता येत नाही." या परिच्छेदात एकाने मान्य केलेलं आहे, दुसऱ्याने खोडलेलं आहे आणि मध्ये पुरावा आहे. मॅडमना हवी आहे ती तुलना बहुधा हीच.

मात्र इथे थांबलात तर निबंध एकतर्फी होईल. बलुत्याच्या खळ्यावर संघर्षवादही अडखळतो, निदान त्याचं मार्क्सचं दोन वर्गांचं रूप तरी. जमीनधारक विरुद्ध राबणारे एवढंच असतं तर सगळे बलुतेदार एका बाजूला यायला हवे होते. ते आले नाहीत. सुतार न्हाव्यापेक्षा स्वतःला वरचा समजे, महार आणि मांग यांच्यातही उच्चनीचता होती. आंबेडकरांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं: प्रत्येकाच्या खाली कोणीतरी आहे, म्हणून पूर्ण उतरंड मोडण्यात प्रत्येकालाच काहीतरी गमवावं लागतं. १९३६ मध्ये त्यांनी असंही मांडलं की जात हे श्रमाचं नव्हे तर श्रमिकांचं विभाजन आहे. हे एक वाक्य दोन्ही बाजूंना एकाच वेळी भिडतं. प्रकार्यवाद्यांना ते सांगतं की तुम्ही काम वाटल्याचं बोलताय, पण इथे माणसं वाटलेली आहेत. वर्गावर सगळं उभं करणाऱ्याला सांगतं की राबणारे आधीच आतून विभागलेले आहेत. तेव्हा आंबेडकरांना शेवटी "भारतीय विचारवंत" म्हणून वेगळा परिच्छेद देऊन टांगू नका, नेमके इथे आणा.

प्रकार्यवादाच्या बाजूनेही एक गोष्ट राखून ठेवा. दर्खाइमने १८९३ मध्येच लादलेल्या श्रमविभाजनाला विकृत रूप म्हटलं होतं: जन्माने किंवा जोरजबरदस्तीने काम ठरलं की एकोपा निर्माण होत नाही. म्हणजे "प्रकार्यवादी विषमतेचं समर्थन करतात" हे सरसकट वाक्य त्याच परंपरेतल्या माणसापुढे टिकत नाही. स्तरीकरण का आढळतं हे सांगणं आणि ते चांगलं आहे असं म्हणणं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

शब्दांची वाटणी ढोबळमानाने अशी करा. सुरुवातीला शंभर-सव्वाशे शब्दांत तुमचा दावा मांडा, व्याख्या नको. नमुना: "दोन्ही दृष्टिकोन स्तरीकरण टिकते हे मान्य करतात, काही कामांना माणसे मुबलक आणि काहींना दुर्मीळ का, याच्या कारणावर ते वेगळे होतात, बलुतेदारीच्या बाबतीत संघर्षवादी कारण जास्त पुराव्यानिशी उभे राहते, पण जातींमधली उतरंड त्याला एकट्याने उलगडत नाही." मग डेव्हिस-मूर यांची साखळी दोनशेपर्यंत, ट्यूमिन आणि टंचाईचा मुद्दा अडीचशे, मार्क्स आणि हवा असल्यास वेबर दीडशे. उरलेले पाचशे बलुत्याला. तुमच्या आत्ताच्या मसुद्यात उदाहरणाला बहुधा ऐंशी-शंभर शब्दच असतील आणि सारांशांनी हजार खाल्ले असतील. कात्री तिथेच लावा. वर्गात फक्त पाठ्यपुस्तकातली उदाहरणं चालत असतील तर मॅडमना आधी विचारून घ्या. नाही म्हणाल्या तर डॉक्टर आणि परिचारिका ही जोडी घ्या आणि टंचाईचाच प्रश्न लावा: वैद्यकीय जागा किती असाव्यात हे कोण ठरवतं आणि त्या जागांपर्यंत कोणाची मुलं पोचतात. शब्द मात्र पाठ्यपुस्तकातलेच ठेवा. काही पुस्तकं "कार्यवाद" म्हणतात, काही "प्रकार्यवाद". एकच धरून शेवटपर्यंत चाला.

मसुदा झाला की प्रत्येक परिच्छेदातली दोन्ही बाजूंची नावं झाकून वाचा. एका बाजूबद्दलची वाक्यं काढून टाकल्यावरही परिच्छेद तसाच सुरळीत वाचता येत असेल तर तिथे अजून सारांशच आहे. तो परिच्छेद पुन्हा लिहायला घ्या आणि पहिल्या वाक्यात दोघांना मान्य असलेली गोष्ट टाका.